नाशिकमध्ये वर्षाला दुचाकीचे किती टायर बदलले जातात? केस इंटरव्ह्यूमधलं उत्तर मोठ्याने कसं मांडायचं

प्लेसमेंटचे दिवस आले की कॉलेजच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो. कन्सल्टिंगच्या इंटरव्ह्यूत म्हणे कोणाला शहरात रोज किती कप चहा खपतो ते विचारलं, कोणाला दुचाकीचे किती टायर विकले जातात ते. घरी सांगितलं तर आईवडील चक्रावतात. एवढं इंजिनिअरिंग शिकून टायर मोजायचे? आणि हा आकडा कोणाला माहीत असतो?

आकडा कोणालाच पाठ नसतो, हे आधीच सांगून टाकतो. विचारणाऱ्यालाही तो नको असतो. त्याला काय हवं असतं, ते नाशिकचाच एक प्रश्न पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सोडवून पाहू.

आधी दोन शब्द

कन्सल्टिंग कंपन्या दुसऱ्या कंपन्यांना धंद्यातल्या अडचणींवर सल्ला देतात. त्यांच्या इंटरव्ह्यूत उमेदवारापुढे अशीच एखादी अडचण ठेवून अर्धा-पाऊण तास तिच्यावर बोलायला लावतात. याला केस इंटरव्ह्यू म्हणतात. त्यातला एक छोटा भाग म्हणजे मार्केट सायझिंग. एखाद्या वस्तूची बाजारपेठ किती मोठी आहे, याचा हातात माहिती नसताना बांधलेला अंदाज. त्याला साधारण पाच ते दहा मिनिटं मिळतात.

लग्नाचा आचारी हेच करतो. "स्वयंपाक कितीचा?" असं म्हटल्यावर तो थेट "साठ किलो तांदूळ" म्हणत नाही. पानं किती, दुपारची पंगत की रात्रीची, लहान मुलं किती, बुफे की वाढप, हे विचारतो. मग माणशी किती लागतं ते धरतो आणि गुणाकार करतो. पंगतीत ऐनवेळी शंभर पानं वाढली तरी तो गडबडत नाही, कारण त्याला कोणता आकडा बदलायचा ते माहीत असतं. इंटरव्ह्यूत तेच करायचं असतं. फरक एवढाच, की आचाऱ्याचा हिशेब मनात चालतो आणि तुमचा समोरच्याला ऐकू आला पाहिजे.

पहिली दोन मिनिटं: प्रश्न नीट करून घेणं

समजा प्रश्न असा आला: "एका टायर कंपनीला नाशिकमध्ये दुचाकीचे टायर विकायचे आहेत. बाजारपेठ केवढी आहे?" नाशिकला हा प्रश्न शोभतोही. सातपूरला टायरचा कारखाना आहे आणि बहुतेक घरांत दुचाकी आहे.

इथे बहुतेक जण लगेच लोकसंख्येवर उडी मारतात आणि तिथेच घसरतात. प्रश्नात तीन गोष्टी मोकळ्या आहेत. नाशिक म्हणजे शहर की जिल्हा? २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १५ लाखांच्या आत होती आणि जिल्ह्याची ६१ लाखांवर. म्हणजे या एका शब्दाने उत्तर चौपट होऊ शकतं. दुसरं, नव्या गाडीबरोबर कारखान्यातूनच येणारे टायर धरायचे की दुकानात बदलून घेतलेले? पहिले टायर गाडी बनवणारी कंपनी विकत घेते, दुसरे गाडीचा मालक. या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. तिसरं, उत्तर नगात हवं की रुपयांत?

मोठ्याने असं म्हणा: "सर, मी नाशिक महापालिकेची हद्द धरतो, वर्षभरात बदलले जाणारे टायर धरतो आणि आधी नग, मग रुपये काढतो. चालेल?" या एका वाक्यात तिन्ही गोष्टी येतात. समोरचा हो म्हणेल किंवा सुधारेल. सुधारलं तर तुमची सात मिनिटं वाचली.

इथे दहा प्रश्न विचारत बसू नका. ज्या प्रश्नाने उत्तर दुपटीने तरी हलेल, तेवढाच विचारा. टायर ट्यूबलेस आहे की नाही याने नग बदलत नाहीत, तेव्हा तो प्रश्न सोडा.

एक मिनिट मागून घ्या आणि झाड काढा

"मला एक मिनिट मिळेल का?" असं विचारणं कमीपणाचं नाही. कागद आडवा धरा. डावीकडे जे काढायचं ते लिहा आणि उजवीकडे त्याच्या फांद्या काढत जा. पहिली फांदी शक्य तितकी साधी ठेवा:

बदललेले टायर = शहरातल्या दुचाकी × एका दुचाकीचे वर्षाला बदललेले टायर

मग प्रत्येक बाजू एकेक पायरी खाली फोडा. दुचाकी म्हणजे कुटुंबं × कुटुंबामागे दुचाकी. इथे माणसांऐवजी कुटुंब का? कारण गाडी घरात येते. बाप कामावर नेतो, मुलगी क्लासला नेते, गाडी एकच. चहा असता तर माणसं मोजली असती. विकत घेण्याचा निर्णय जिथे होतो ते एकक धरायचं, आणि का धरलं तेही सांगायचं.

दुसरी बाजू, म्हणजे टायर किती झिजतात, ती गाडी किती पळते त्यावर फोडायची. फोडताना एकही गाडी सुटू नये आणि एकही दोनदा मोजली जाऊ नये. कन्सल्टिंगवाले याला "मीसी" म्हणतात. एवढा एक शब्द कानावर असलेला बरा.

आकडे घालायच्या आधी हे झाड वाचून दाखवा: "आधी कुटुंबांवरून दुचाकी काढतो. मग रोजच्या धावेवरून त्यांचे तीन गट करतो. प्रत्येक गटाचे टायर वेगळे काढून बेरीज करतो, आणि शेवटी टायरच्या दुकानांवरून ताळा करतो." एवढं ऐकल्यावर समोरच्याला पुढची पाच मिनिटं कुठे चाललो आहोत ते कळतं. मधे तुम्ही चुकलात तरी तो हात देऊ शकतो, कारण वाट त्यालाही दिसते आहे.

शहरातल्या दुचाकी

आता आकडे. शहराची लोकसंख्या २० लाख धरू. २०११चा आकडा १५ लाखांच्या आसपास होता, त्यानंतर शहर वाढलं, म्हणून ही वाढ. कुटुंबात चार माणसं धरली तर ५ लाख कुटुंबं.

सगळ्या कुटुंबांना सरसकट एक गाडी लावली तर समोरचा लगेच विचारेल, सिडकोतल्या घरात आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये फरक नाही का? म्हणून तीन भाग करू. २० टक्के घरांत दुचाकी नाही. ५० टक्के घरांत एक, म्हणजे अडीच लाख. ३० टक्के घरांत दोन, म्हणजे तीन लाख. एकूण साडेपाच लाख दुचाकी.

हे टक्के माझे अंदाज आहेत, आणि इंटरव्ह्यूतही ते तसेच सांगायचे. प्रत्येक अंदाजाला एक कारण जोडायचं: "३० टक्के घरांत दोन गाड्या धरतो, कारण दोघं कमावते किंवा कॉलेजात जाणारं मूल असलं की एका गाडीवर भागत नाही." कारण जोडलं की त्यावर बोलता येतं. नुसत्या आकड्यावर फक्त शंका घेता येते.

एका गाडीचे टायर

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबू. गाड्यांचे धावेप्रमाणे तीन गट करू. पहिला गट दिवसभर रस्त्यावर असतो. डिलिव्हरीवाले, कुरिअरवाले, दूधवाले, दुकानोदुकानी फिरणारे सेल्समन. दिवसाला ८० किलोमीटर. असे ३० हजार धरू. दुसरा गट रोज कामावर जाणारा, सिडकोतून सातपूरला किंवा नाशिकरोडहून अंबडला. जाऊन-येऊन आणि वाटेतली कामं धरून दिवसाला २० किलोमीटर. अशा ३ लाख २० हजार गाड्या. तिसरा गट घरची कमी फिरणारी गाडी, भाजीला आणि क्लासला जाणारी. दिवसाला ५ किलोमीटर. उरलेल्या २ लाख. वर्षाचे ३०० दिवस धरले की वर्षाची धाव २४ हजार, ६ हजार आणि दीड हजार किलोमीटर होते.

टायरचं आयुष्य? ज्याने गाडी वापरली त्याला माहीत असतं की मागचा टायर आधी झिजतो. इंजिनचा जोर मागच्या चाकावर येतो आणि वजनही तिथे जास्त पडतं. म्हणून मागचा २० हजार किलोमीटर आणि पुढचा ३० हजार धरू. पुढचा-मागचा वेगळा धरणं ही छोटी गोष्ट आहे, पण आपण वस्तू पाहिली आहे हे त्यातून दिसतं.

कामावर जाणाऱ्या गाडीचा मागचा टायर वर्षाला ६ भागिले २०, म्हणजे ०.३ झिजतो आणि पुढचा ०.२. मिळून वर्षाला अर्धा टायर. ३ लाख २० हजार गाड्यांचे १ लाख ६० हजार. डिलिव्हरीच्या गाडीचे १.२ आणि ०.८, म्हणजे वर्षाला दोन, एकूण ६० हजार.

तिसऱ्या गटात हाच हिशेब चुकतो. दीड हजार किलोमीटरने मागचा टायर झिजायला तेरा वर्षं लागतील. पण रबर तेवढी वर्षं तग धरत नाही. गाडी उन्हात उभी राहते, रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात आणि मेकॅनिक म्हणतो, नक्षी आहे पण बदला. इथे किलोमीटर सोडून वय धरायचं. आठ वर्षांत दोन्ही टायर, म्हणजे वर्षाला पाव टायर आणि एकूण ५० हजार. मोठ्याने एवढंच म्हणा: "या गटात टायर झिजून नाही, जुना होऊन जातो. म्हणून इथे वर्षं धरतो."

बेरीज २ लाख ७० हजार. बरेच उमेदवार इथे पेन खाली ठेवतात.

पण पहिला टायर आपण मोजायचाच नव्हता

सुरुवातीला आपण ठरवलं होतं की नव्या गाडीबरोबर आलेले टायर धरायचे नाहीत. वरच्या हिशेबात ते नकळत आत आले. वर्षाला अर्धा टायर झिजतो हे खरं, पण झिजणाऱ्या टायरमध्ये कारखान्यातून आलेला पहिला जोडही आहे. नव्या फ्लॅटमधला पहिला बल्ब बिल्डर लावून देतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा धंदा तो गेल्यावर सुरू होतो. तसंच इथे.

दुरुस्ती सोपी आहे. गाडीचं पूर्ण आयुष्य समोर ठेवा आणि बदलायची वेळ कितीदा येते ते मोजा. कामावर जाणारी गाडी १२ वर्षं चालते असं धरू. मागचा टायर सव्वातीन वर्षांनी, साडेसहा वर्षांनी आणि दहाव्या वर्षी असा तीनदा बदलेल. पुढचा पाचव्या आणि दहाव्या वर्षी, दोनदा. बारा वर्षांत पाच टायर. वर्षाला ०.५ नाही, ०.४२. आकडा १ लाख ६० हजारांवरून १ लाख ३३ हजारांवर येतो. तिसऱ्या गटात बारा वर्षांत दोन्ही टायर एकदाच बदलतात, म्हणून ५० ऐवजी ३३ हजार. डिलिव्हरीची गाडी सहा वर्षांत थकते असं धरलं तर तेवढ्यात मागचा सातदा आणि पुढचा चारदा, वर्षाला जेमतेम १.८, म्हणजे ५५ हजार.

नवी बेरीज: ५५ + १३३ + ३३, म्हणजे २ लाख २१ हजार. सांगताना "साधारण सव्वादोन लाख" म्हणा. "दोन लाख एकवीस हजार" म्हटलं तर आकड्यात नसलेली खात्री दाखवल्यासारखं होतं. टायरची सरासरी किंमत दीड हजार रुपये धरली तर ३३ कोटी रुपये.

ही चूक तुमच्या आधी समोरच्याच्या लक्षात आली तर तो म्हणेल, "गाडी नवीकोरी असेल तर?" तो खिजवत नाही, खूण करतो आहे. "बरोबर, पहिला जोड वजा करायला हवा" असं म्हणून हिशेब सुधारलात तर काही बिघडत नाही. आधीच्या आकड्याची वकिली करत बसलात तर बिघडतं.

ताळा कसा करायचा?

गणित जुळणं आणि उत्तर खरं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दुसऱ्या वाटेने तिथेच पोचता येतं का ते पाहायचं. मात्र ती वाट खरोखर वेगळी हवी. तेच आकडे उलट क्रमाने गुणले तर तो ताळा नव्हे.

सव्वादोन लाख टायर ३०० दिवसांत, म्हणजे दिवसाला साधारण ७५०. एका दुकानात दिवसाला दुचाकीचे पाच टायर बसत असतील, तर १५० दुकानं लागतील. महापालिकेचे सहा विभाग आहेत, म्हणजे विभागाला पंचवीस. पंचवटी किंवा नाशिकरोडच्या मुख्य रस्त्यांवरून मनात एक फेरी मारा. टायरची दुकानं आणि टायर बसवून देणारी गॅरेज धरून पंचवीस ही संख्या पटण्यासारखी आहे. उत्तर २० लाख टायर आलं असतं, तर विभागाला दोनशेहून जास्त दुकानं लागली असती. तेव्हा कुठेतरी शून्य जास्त पडलं असं लगेच कळलं असतं. ताळ्याचं काम एवढंच, दहापटीची चूक पकडणं.

मोठ्याने बोलताना अडखळायला होतं ते इथे

विचार मराठीत आणि बोलणं इंग्रजीत, यात फारसं अडत नाही. अडतं ते लाख-कोटीत. समोरचा मिलियनमध्ये ऐकत असेल तर ३ लाख २० हजार म्हणजे ०.३२ मिलियन, आणि ३३ कोटी म्हणजे ३३० मिलियन. मधेच एकातून दुसऱ्यात उडी मारली की एक शून्य गळतं. सुरुवातीलाच विचारा, "लाख-कोटीत बोललं तर चालेल ना?" आणि शेवटपर्यंत त्यातच राहा.

गुणाकारही बोलत करा: "तीन लाख वीस हजार गुणिले पाच, सोळा लाख, भागिले बारा, एक लाख तेहेतीस हजार." मुकाट्याने लिहीत राहिलात तर समोरच्याला फक्त तुमचं डोकं दिसतं. प्रत्येक गट संपला की एक वाक्य थांबा: "हा दुसरा गट झाला, आता तिसरा." तेवढ्या सवडीत त्याला काही विचारायचं असेल तर तो विचारतो.

"अंदाजच चुकीचे असतील तर?"

ही शंका रास्त आहे. तिला उत्तर द्यायचं तर कोणता अंदाज किती हलवतो ते बघायचं. कामावर जाणारी गाडी २० ऐवजी ३० किलोमीटर धावते असं धरा. बारा वर्षांत पाच ऐवजी आठ टायर लागतील आणि एकूण आकडा सव्वादोन लाखांवरून ३ लाखांवर जाईल. टायरला दीड हजाराऐवजी सोळाशे रुपये धरले तर मात्र फार काही होत नाही. म्हणून शेवटी असं सांगा: "माझं उत्तर रोजच्या धावेवर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. कंपनीने आधी तेवढं तपासून घ्यावं."

"सूत्र पाठ केलं तर?"

पाठ केलेलं झाड पहिल्याच वळणावर तुटतं. तिसऱ्या गटात किलोमीटर सोडून वय धरावं लागलं, ते कोणत्याही सूत्रात नव्हतं. आणि आकडा आल्यावर समोरचा जवळजवळ नेहमीच विचारतो, "मग कंपनीने काय करायचं?" त्याचं उत्तर झाडाच्या फांद्यांतच असतं. डिलिव्हरी आणि सेल्सच्या गाड्या साडेपाच लाखांत ३० हजार, शंभरात सहासुद्धा नाहीत. पण दर चार टायरमधला एक त्यांना लागतो. शिवाय मागचा टायर त्यांना दहा महिन्यांनी लागतो, तेव्हा एकदा पसंत पडला तर वर्षाच्या आत पुन्हा गिऱ्हाईक. गट पाडलेच नसते तर हे दिसलं नसतं. म्हणून गट उत्तराला फरक पडेल तिथेच पाडायचे. स्त्री-पुरुष किंवा वयोगट असे इथे पाडून काहीच हाती लागत नाही.

अंदाज रस्त्यावर तपासता येतो

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१चा बत्तिसावा आठवडा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वीस गाड्यांचे पुढचे-मागचे आकडे वहीत लिहा. दोन्ही टायर जवळपास एकाच आठवड्याचे आणि गाडीइतकेच जुने असतील, तर तो बहुधा कारखान्यातला पहिला जोड. मागचा पुढच्यापेक्षा नवा असेल तर तो एकदा तरी बदलला आहे. दोन्ही गाडीपेक्षा नवे असतील तर दोन्ही बदललेत. वीस गाड्यांच्या मालकांना गाडी कधी घेतली आणि आता किती किलोमीटर झाले एवढं विचारलं, की २० हजार, ३० हजार आणि दिवसाला २० किलोमीटर हे आपले तिन्ही आकडे कितपत टिकतात ते वहीतच दिसेल.